मॅरेक्सची लस पहिल्याच दिवशी का?

प्रश्न 1 : घरच्या मशीनमध्ये गावरानची 200 पिल्ले काढली. सातव्या दिवशी लासोटा आणि चौदाव्या दिवशी गंबोरो वेळेवर दिली. आता पिल्ले दहा आठवड्यांची आहेत. रोज एक-दोन लंगडतात, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडतात, वाळत जातात. बी-कॉम्प्लेक्स पाजून फरक नाही. मॅरेक्सची लस आता दिली तर उरलेली वाचतील का?

प्रश्न 2 : आमच्याकडे मशीन नाही. खुडूक कोंबडीखाली बारा-पंधरा पिल्ले निघतात आणि लस हजार डोसची येते. आम्ही काय करायचे?

उत्तर : आता लस टोचून उपयोग होणार नाही. ही लस विषाणू शरीरात शिरायच्या आधी पोहोचली तरच काम करते, आणि तुमच्या पिल्लांत तो बहुधा पहिल्या काही दिवसांतच शिरलेला आहे. आज दिसणारा लंगडेपणा त्या पहिल्या आठवड्याचा आहे.

तरीही आधी रोगाची खात्री करून घ्या. मानमोडीतही पाय लुळे पडतात, पण त्यात बहुतेक वेळा हिरवट हगवण आणि श्वासाची घरघर असते व मर एकदम उसळते. बी-2 जीवनसत्त्व कमी पडले तर दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांची बोटे आत वळतात आणि औषध दिल्यावर त्यांतली बरीच सावरतात. मॅरेक्समध्ये मर रेंगाळत राहते आणि पक्षी शुद्धीत असतो, डोळ्यांनी दाणा शोधतो, पण त्याला दाण्यापर्यंत जाता येत नाही. ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. मांडीच्या आतले स्नायू बाजूला केले की पायाचा मज्जातंतू दिसतो. निरोगी पक्ष्यात तो पांढरा, चकचकीत असतो आणि त्यावर बारीक आडव्या रेषा असतात. मॅरेक्समध्ये बहुधा एका बाजूचा मज्जातंतू दुसरीपेक्षा दुप्पट जाड आणि पिवळट होतो व रेषा पुसल्या जातात. म्हणून दोन्ही पाय उघडून शेजारी-शेजारी पाहायला सांगा. काहींच्या काळजावर, प्लीहेवर पांढुरक्या गाठीही सापडतात. शंका राहिली तर नमुने दवाखान्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

आता तुमच्याच 200 पिल्लांचा हिशेब मांडू. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्यात हा रोग नसतो, कारण हा विषाणू आईकडून अंड्यातून उतरत नाही. तो मोठ्या कोंबड्यांच्या पिसांच्या मुळाशी वाढतो आणि पिसांच्या कोंड्याबरोबर गळतो. हा कोंडा म्हणजेच शेडमधली धूळ. जुन्या तुसात, जाळीवर, कोळिष्टकांत विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो. पिल्लू अशा जागी आले की पहिल्या दिवसापासून श्वासाबरोबर ही धूळ ओढते. तीन ते सहा दिवसांत विषाणू पिल्लाच्या प्लीहेत आणि रोगप्रतिकारक ग्रंथींत वाढतो. आठवड्याभरात तो पांढऱ्या पेशींत लपून बसतो आणि पिल्लू वरून ठणठणीत दिसते. साधारण दोन आठवड्यांनी तेच पिल्लू स्वतःच्या पिसांतून विषाणू सोडू लागते. पाय मात्र आठव्या-दहाव्या आठवड्यात जातो.

लस टोचल्यावर संरक्षण उभे राहायलाही साधारण आठवडा लागतो. पहिल्या दिवशी टोचली तर आठव्या दिवसापर्यंत पिल्लू तयार होते. लासोटाबरोबर सातव्या दिवशी टोचली तर संरक्षण येते चौदाव्या दिवशी, आणि तोवर विषाणू लपून बसलेला असतो. म्हणूनच ही लस उबवणी केंद्रातच देतात, मोठ्या केंद्रांत तर अठराव्या दिवशी अंड्यातच. आणि म्हणूनच नुसती लस टोचून भागत नाही. लस आणि संरक्षण यांच्या मधला तो एक आठवडा पिल्लाने स्वच्छ जागेत काढायला हवा. शक्य असेल तर दोन आठवडे काढा.

पुढच्या बॅचला हे असे करा. लसीच्या बाटलीत भुकटी असते, ती फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवतात. सोबत तिचे स्वतःचे द्रावण मिळते, तेच वापरायचे, साधे पाणी किंवा सलाइन नको. हजार डोसला 200 मिली द्रावण, म्हणजे पिल्लामागे 0.2 मिली. तुमच्या 200 पिल्लांना 40 मिलीच लागेल. उरलेले टाकून द्यायचे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे नाही. मिसळल्यावर बाटली बर्फात ठेवा, अधूनमधून हलक्या हाताने फिरवा आणि तासाभरात काम उरका. सिरिंज उकळून थंड करा. स्पिरिटने पुसू नका, त्याचा अंश राहिला तर लसीतला जिवंत विषाणू मरतो आणि तुम्ही नुसते पाणी टोचता. पिल्लू पूर्ण सुकल्यावर मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली टोचा. चिमटीजवळचे पर ओले झाले तर सुई आरपार गेली असे समजा आणि त्या पिल्लाला पुन्हा टोचा.

लस सगळ्यांना द्या. पैसे वाचवायला निम्म्यांना टोचून सगळी एकत्र ठेवणारे मला भेटतात, हे फार घातक आहे. ही लस गाठी आणि लुळेपणा रोखते, विषाणूचा शिरकाव रोखत नाही. लस दिलेला पक्षी निरोगी राहूनही बाहेरचा विषाणू धुळीत सोडत राहतो, आणि शेजारच्या न टोचलेल्या पिल्लाला तोच भोवतो. शंभर टक्के पक्षी वाचवेल अशीही ही लस नाही. धूळ जास्त असेल किंवा विषाणू फार तीव्र असेल तर थोडी मर होते.

सध्याच्या पक्ष्यांपैकी जे पडले आहेत ते वेगळे काढून संपवा आणि चुना टाकून खोल पुरा. ते बाजारात नेऊ नका. माणसाला हा रोग होत नाही, पण घेणाऱ्याच्या खुराड्यात तो जातो. जे पक्षी तगतील ते जन्मभर विषाणू बाळगतील. त्यांची अंडी स्वच्छ असतील तर उबवायला हरकत नाही, फक्त पिल्ले त्यांच्या शेडमध्ये आणू नका. ब्रूडरची खोली वेगळी ठेवा, जुने तूस काढा, छतापर्यंतची धूळ झाडून धुऊन घ्या, आणि रोज आधी पिल्लांचे काम करून मग मोठ्या कोंबड्यांकडे जा.

दुसऱ्या प्रश्नातली अडचण जास्त खरी आहे. खुडूक कोंबडीच विषाणू बाळगणारी असेल तर पिल्लू तिच्या पंखाखाली पहिल्या तासापासून कोंडा ओढते. म्हणून तीन-चार कोंबड्या एकाच दिवशी बसवा, शेजारच्या दोन-तीन घरांनाही तीच तारीख द्या, म्हणजे पिल्ले एकदम निघतील आणि एका बाटलीत भागेल. सुकली की टोचा आणि बल्बखाली वेगळी वाढवा. आईखाली परत सोडायची असतील तर संरक्षण कमीच मिळेल हे धरून चाला. एवढे जुळत नसेल तर लस दिलेली एक दिवसाची पिल्ले विकत घ्या. घेताना बिलावर मॅरेक्स लसीचे नाव आणि बॅच नंबर लिहून मागा. मांसाची ब्रॉयलर पिल्ले पाच-सहा आठवड्यांत विकली जात असल्याने काही ठिकाणी ही लस देत नाहीत, आणि त्याच हॅचरीतून आलेली गावरान पिल्लेही कधी कधी तशीच निघतात.