विक्री झाली, नफाही दिसतोय, मग पैसे कुठे गेले? हिशेबाच्या कामाचं पहिलं ईमेल

प्रश्न: छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहून द्यायचं काम सुरू केलंय. ईमेलमध्ये नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, बँक जुळवणी असं सगळं लिहितो, पहिला महिना ट्रायल देतो म्हणतो, तरी कोणाचं उत्तर येत नाही. मासिक रिपोर्ट आणि ट्रायल समजावून सांगायची कशी?

उत्तर:

पत्रकांची नावं काढून टाका. ती आपल्या कामाची आहेत, दुकानदाराच्या नाही. त्याच्या डोक्यात रोज एकच प्रश्न असतो: महिनाभर गिऱ्हाईक होतं, मग हातात पैसे का नाहीत? तुमचा मासिक रिपोर्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. ईमेलमध्ये ते उत्तर एका छोट्या उदाहरणाने देऊन दाखवा.

मी वापरतो ते उदाहरण असं. महिन्याची विक्री ४,००,०००, खरेदी ३,४०,०००. बहुतेक जण इथेच वजाबाकी करतात आणि ६०,००० सुटले म्हणतात. पण महिन्याच्या सुरुवातीला दुकानात ५,००,००० चा माल होता आणि शेवटी ५,६०,००० चा. म्हणजे विकलेल्या मालाची खरी किंमत २,८०,०००, आणि मालावर सुटले १,२०,०००. त्यातून भाडं, पगार, वीज असा ७५,००० खर्च गेला की निव्वळ नफा ४५,०००.

आता दुकानदार विचारणार, मग हे ४५,००० आहेत कुठे? त्याची रोकड आणि बँक मिळून उलट ५५,००० नी कमी झालेली असते. ६०,००० जास्तीच्या मालात अडकले. गिऱ्हाइकांकडची उधारी २५,००० नी वाढली. घरखर्चासाठी ३०,००० उचलले. व्यापाऱ्यांचे १५,००० द्यायचे राहिले, तेवढाच आधार मिळाला. ४५,००० मधून तिन्ही वजा करा, १५,००० मिळवा, बरोबर उणे ५५,००० येतात. या चार ओळी दुकानदार दोनदा वाचतो, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट त्याने स्वतः केलेली असते. घरखर्चाची उचल हा दुकानाचा खर्च नाही, त्यामुळे ती नफ्यात दिसत नाही पण गल्ल्यातून जाते, हे अनेकांना पहिल्यांदा इथेच कळतं.

ट्रायलबद्दल मात्र तुम्हाला आधी स्वतःशी स्पष्ट व्हावं लागेल. पहिला महिना हा हिशेबातला सगळ्यात कच्चा महिना असतो, कारण सुरुवातीचे आकडे कोणाकडेच धड नसतात. वरच्याच उदाहरणात सुरुवातीचा माल न मोजता अंदाजाने ५,५०,००० धरला, तर मालावरचा फायदा १,२०,००० वरून ७०,००० वर येतो आणि ४५,००० चा नफा ५,००० चा तोटा होऊन बसतो. दुकान तेच, वही तीच. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी असाच अंदाजाचा माल धरून एका दुकानदाराला तोट्याचा रिपोर्ट पाठवला होता. त्यांनी घाबरून पुढच्या मालाची ऑर्डर थांबवली. चूक कळल्यावर मी जाऊन माफी मागितली, पण त्यांचे हंगामाचे दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून माल मोजल्याशिवाय मी ट्रायल सुरूच करत नाही, आणि हे ईमेलमध्येच लिहितो. मोजणीची अट वाचून काही जण मागे फिरतात, फिरू देत.

माझं ईमेल साधारण असं असतं:

"विषय: विक्री झाली, मग पैसे कुठे गेले?

नमस्कार,

मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहून देतो. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत तुम्हाला एक पानाचा रिपोर्ट मिळेल. त्यात तीन गोष्टी असतील: मालावर किती सुटले, खर्च जाऊन किती उरले, आणि उरलेले पैसे माल, उधारी, देणी आणि घरखर्च यांत कुठे गेले. नमुन्याचं पान सोबत जोडलं आहे.

पहिल्या महिन्याची फी नाही. तुमच्याकडून पाच गोष्टी लागतील: पहिल्या तारखेला मोजलेला माल (खरेदीच्या भावाने), त्या दिवशीची गल्ल्यातली रोकड, बँकेचं स्टेटमेंट, उधारीची यादी आणि व्यापाऱ्यांच्या देण्यांची यादी. माल मोजायला मी स्वतः येईन. महिनाअखेरीला पुन्हा एकदा मोजू.

एका महिन्यावरून धंदा वाढतोय की घटतोय हे सांगता येणार नाही. पैसे कुठे अडकलेत ते मात्र नक्की दिसेल.

महिना संपल्यावर पुढे चालू ठेवायचं नसेल तर तसं सांगा. लिहिलेला सगळा हिशेब तुमचाच, त्याची फाइल तुम्हाला देऊन मी थांबेन. तुम्ही होकार दिल्याशिवाय फी सुरू होणार नाही.

पहिल्या तारखेच्या आधी एक दिवस सवडीची वेळ कळवाल का?"

यात तुमच्या नेहमीच्या फीचा आकडा मात्र जरूर घाला. तो लपवला की ट्रायलमागे काहीतरी डाव आहे असं वाटतं.

"खरेदीच्या भावाने" हे दोन शब्द कंसात असले तरी गाळू नका. दुकानदार सवयीने माल विक्रीच्या भावाने मोजतो, आणि मग न विकलेल्या मालावरचा फायदाही आधीच धरला जातो.

१० तारीखही उगाच नाही. कार्डने झालेली विक्री बँकेत एक-दोन दिवसांनी, मशीनवाल्यांचं कमिशन कापून जमा होते. महिन्याच्या शेवटच्या दिवसांची विक्री त्यामुळे पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये सापडते. दुसऱ्या तारखेला घाईने रिपोर्ट केलात तर ती विक्री सुटते किंवा दोनदा लागते. बँकेची शिल्लक आणि वहीची शिल्लक यांतला प्रत्येक फरक नाव घेऊन सांगता आला पाहिजे. "किरकोळ फरक" म्हणून एक रक्कम उरली असेल तर रिपोर्ट पाठवू नका, आधी ती शोधा.

दुसरी खूण मालावरच्या टक्क्याची. वरच्या उदाहरणात तो ३० आहे. दुकानदाराला आधीच विचारून ठेवा, शंभरच्या विक्रीत साधारण किती सुटतात. तो २८ म्हणाला आणि तुमचे ३० आले तर ठीक. तुमचे १७ आले तर बहुतेक वेळा माल चुकीचा मोजलेला असतो, एखादं खरेदीचं बिल दोनदा चढलेलं असतं किंवा रोखीची काही विक्री वहीत आलेलीच नसते. तिन्ही तपासून पाहा आणि मग भेटायला जा.

ट्रायलचा रिपोर्ट नुसता ईमेलने पाठवू नका. दुकान उघडण्याआधीची वीस मिनिटं मागून घ्या, पान समोर ठेवा आणि उधारीच्या ओळीपासून सुरुवात करा. नावं त्यांना तोंडपाठ असतात, त्यामुळे यादीत कोण राहिलं, कोणी मधे पैसे देऊन टाकले, हे ते तिथल्या तिथे सांगतात आणि तुमची यादीही दुरुस्त होते.