न सापडलेल्या चौदा फायली आणि माझी व्हायवा

प्रश्न: पुढच्या महिन्यात पीएच.डी.ची व्हायवा आहे. विषय सामाजिक-कायदेशीर. तीनच कोर्टांत काम केलंय, मुलाखती बावीस. "एवढ्यावरून निष्कर्ष कसा काढलात?" असं विचारलं तर काय सांगायचं? इथे कोणी अशी व्हायवा दिली आहे का?

दिली आहे. माझीही कोर्टं तीनच होती: म्हापसा, डिचोली आणि केपे. "गोवा लहान आहे" हे उत्तर मात्र देऊ नका. मी दिलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून माझ्याकडे नुसते बघत राहिले. राज्य लहान असल्याने नमुना मोठा होत नाही.

माझा विषय इन्व्हेंटरीचा. गोव्यात वडील गेले की मुलगा-मुलगी दोघांनाही सारखा हिस्सा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हे चालत आलंय आणि 2016 च्या अखेरीस लागू झालेल्या वारसा कायद्यातही तसंच आहे. वाटप पटलं नाही तर कोर्टात इन्व्हेंटरी घालायची: मालमत्तेची यादी, मूल्यांकन, वारसांमध्येच लिलाव आणि शेवटी वाटपाचा तक्ता. प्रत्यक्षात मात्र खूपशा बहिणी हक्क सोडून मोकळ्या होतात. माझा प्रश्न एवढाच होता, की का सोडतात.

तिन्ही कोर्टांच्या निकाली इन्व्हेंटरींची यादी ई-कोर्ट्सवरून काढली. तीनशे निघाल्या. चिठ्ठी टाकून एक ते पाचमधला आकडा घेतला, तिथून दर पाचवी फाईल, म्हणजे साठ. कागदावर अगदी नीटनेटकं. मग रेकॉर्ड रूममध्ये गेले. कारकून भला माणूस होता. एखादी फाईल सापडली नाही की म्हणायचा, "बाय, ही घेऊन टाक, हिच्या शेजारचीच आहे." पहिल्या आठवड्यात मी अशा तीन घेतल्यासुद्धा. मग एकदा सहज विचारलं, मूळची फाईल गेली कुठे? म्हणाला, "वर गेली, अपिलात मागवून घेतलीय."

तिथे माझ्या पोटात गोळा आला. ज्या फाईलवर अपील झालं ती भांडणाची फाईल. ती बाजूला जाते आणि तिच्या जागी शेजारची समंजस कुटुंबाची फाईल माझ्या हातात येते. असं साठ वेळा झालं तर गोव्यातल्या बहिणी-भावांचं किती छान जमतं असा प्रबंध तयार होईल, आणि कुठेही एक अक्षर खोटं लिहिलेलं नसेल. त्या तीन बदली फायली मी परत दिल्या. शेवटी साठातल्या सेहेचाळीस मिळाल्या, चौदा नाहीत.

न मिळालेल्या फायलींबद्दल काहीच कळत नाही असं नसतं. फाईल हातात नसली तरी ई-कोर्ट्सवर तारखांचा इतिहास दिसतो. मी साठही प्रकरणांच्या तारखा मोजल्या. मिळालेल्या फायलींमध्ये मधोमध येणारा आकडा एकोणीस तारखांचा होता, न मिळालेल्यांमध्ये एक्केचाळीसचा. म्हणजे संशय खरा होता. मी तसा एक परिच्छेद आणि छोटा तक्ता लिहून मार्गदर्शकांना दिला.

त्यांनी तो खोडला. लाल पेनाने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "आपणहून कमतरता दाखवायची नसते. परीक्षकाला दिसली तर बघू." मी वाद घातला, हरले. सही त्यांची होती आणि फेलोशिप संपत आली होती. प्रबंधात "सेहेचाळीस फायली अभ्यासल्या" एवढंच राहिलं.

व्हायवाला दुसराच प्रश्न: "दर पाचवी म्हणता, मग तीनशेचे साठ व्हायला हवेत. सेहेचाळीस कसे?" परीक्षक पाढे विसरलेले नसतात. सर टेबलावरची पाण्याची बाटली न्याहाळत होते. तो तक्ता मी पर्समध्ये घडी करून नेला होता (हट्टाने म्हणा हवं तर). तो पुढे केला आणि हा हिशेब मांडला. सेहेचाळीसपैकी एकतीस प्रकरणांत निदान एका बहिणीने हक्क सोडला होता, म्हणजे सदुसष्ट टक्के. न मिळालेल्या चौदाही प्रकरणांत एकीनेही सोडला नसेल असं धरा: साठात एकतीस, बावन्न टक्के. चौदाही प्रकरणांत सोडला असेल असं धरा: साठात पंचेचाळीस, पंचाहत्तर टक्के. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि तारखांवरून वाटतं की खालच्या बाजूला. परीक्षकांनी तो कागद स्वतःजवळ ठेवून घेतला. पुढची दहा मिनिटं ते माझ्याशी भांडत नव्हते, माझ्याबरोबर विचार करत होते.

आता तुमचा खरा प्रश्न. तीन कोर्टांवरून प्रमाण सांगता येत नाही. बावन्न ते पंचाहत्तर हे त्या यादीतल्या तीनशे प्रकरणांचं, गोव्यातल्या घरांचं नव्हे. कारण साधं आहे: जिथे सगळ्या बहिणींनी उपनिबंधकाच्या कचेरीत विशेष नोटरीसमोर हक्कसोड केली आणि एकच भाऊ उरला, तिथे वाटप करायचं काय? ते घर इन्व्हेंटरीला येतच नाही. कोर्टाच्या यादीत फक्त जिथे काहीतरी शिल्लक राहिलं ती घरं. हे परीक्षकांनी विचारायच्या आधी तुम्हीच बोलून टाका.

या तीन कोर्टांच्या बाहेर नेता येतं ते कारण, म्हणजे गोष्ट कशी घडते ते. त्यासाठी कोर्टं का निवडली हे सांगता यायला हवं. "जवळ होती म्हणून" हेही चालतं, पण तसं असेल तर तसंच लिहा. माझी निवड फरकावर होती: म्हापशात किनाऱ्याची महाग जमीन आणि परदेशी असलेले वारस, डिचोलीत खाणपट्टा, केप्यात शेती आणि बागायत. इतक्या वेगळ्या तीन जागी बहिणी एकाच रीतीने हक्क सोडताना दिसल्या, तर ती रीत त्या जागेची नाही असं म्हणायला आधार मिळतो. चौथ्या कोर्टात ती दिसली नाही तर माझं म्हणणं तिथे मोडतं, हेही मी सांगितलं.

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात जवळजवळ पडले होते. डिचोलीच्या नऊ फायलींत हक्कसोडीचं वाक्य शब्दशः एकच होतं. इंग्रजीत, आणि नऊही ठिकाणी "व्हॉलंटरिली"मधला "यू" गळालेला. आधी मी ते नऊ बहिणींचं म्हणणं म्हणून मोजलं होतं. नववी फाईल वाचताना तो गळालेला "यू" दिसला आणि मागे जाऊन वकीलपत्रं बघितली. वकील एकच, बहुधा टंकलेखकही एकच. म्हणजे तो नऊ बायकांचा शब्द नव्हता, एका कॉम्प्युटरमधल्या जुन्या मसुद्याचा होता. तुमच्या फायली कोर्टवार मोजता तशा वकीलवार आणि न्यायाधीशवारही मोजून बघा. लहान कोर्टात कधीकधी तुमच्या वीस फायली म्हणजे दोन माणसांच्या सवयी असतात.

मुलाखतींचं थोडक्यात सांगते, कारण तुमची प्रश्नावली मी पाहिलेली नाही. माझा पहिला प्रश्न होता, "हक्क स्वखुशीने सोडला का?" पहिल्या चौघींनी "हो" म्हटलं. चौथीच्या वेळी तिचा भाऊ चहा घेऊन आला आणि सोप्यावरच बसला. त्यानंतर तो प्रश्न काढून टाकला आणि विचारू लागले: सही केली त्या दिवसाचं सकाळपासून सांगा. गाडी कोणाची, कागद कोणी वाचून दाखवला, कुठल्या भाषेत, नंतर जेवायला कुठे. आणि मुलाखत तिच्या सासरी, भाऊ नसताना. केप्याकडच्या एकीने सगळं सांगून शेवटी म्हटलं, "खोशयेन दिलें. ना म्हळें जाल्यार कुळार बंद." म्हणजे खुशीने दिलं, नाही म्हटलं असतं तर माहेर बंद. माझ्या जुन्या रकान्यात हे "स्वखुशीने: हो" म्हणून गेलं असतं. कोंकणी वाक्य प्रबंधात मूळचंच ठेवा, भाषांतर खाली. माझ्या परीक्षकांनी नेमकं हेच तपासलं. पहिल्या चार मुलाखती मी फेकल्या नाहीत, पण मोजणीत धरल्या नाहीत आणि तसं लिहिलं.

मुलाखतींची संख्या बावीस असो की बत्तीस, त्यावर कोणी अडवत नाही. "नवीन काही येईना म्हणून थांबले" म्हणालात, तर कितव्या मुलाखतीनंतर येईना हे विचारतील, तेवढं वहीत बघून ठेवा.

हेही सांगायला हवं की माझ्या समितीत एक जण समाजशास्त्राचे होते. सगळे जुन्या वळणाचे कायदेवाले असतील तर तुम्हाला आधी मुलाखत हा पुरावा कसा, यावरच अर्धा तास घालवावा लागेल, आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. शिवाय मार्गदर्शकांशी भांडून व्हायवाला जा असं मी म्हणत नाही. घडी करून पर्समध्ये ठेवा म्हणते.

शेवटचा प्रश्न मला आला होता तो तुम्हालाही येईल: तुमच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी एक मुलाखत सांगा. अशी एक आधीच निवडून ठेवा. माझी म्हापशाची होती. तिने लिलावात भावापेक्षा चढी बोली लावून घरच घेतलं. माहेर तुटलं का, मी विचारलं. म्हणाली, "तुटता कशें? चवथीक भावूच म्हज्यागेर येता." म्हणजे तुटेल कसं, चतुर्थीला भाऊच माझ्याकडे येतो.