दुरुस्त झालेला घड्याळाचा मनोरा खुला होतोय : प्रेस नोट कशी लिहावी?

प्रश्न : आमच्या गावातला जुना घड्याळाचा मनोरा दुरुस्त झाला आहे आणि पुढच्या रविवारपासून लोकांना वर जाऊन बघता येणार आहे. प्रेस नोट लिहायचं काम माझ्याकडे आलंय. दुरुस्तीची हकीकत त्यात किती आणि कशी घालू?

उत्तर :

आधी एक गोष्ट नक्की करा. बातमी घड्याळ चालू झाल्याची आहे की मनोरा खुला झाल्याची? या दोन वेगळ्या बातम्या आहेत. लंडनच्या एलिझाबेथ टॉवरचं, म्हणजे बिग बेनच्या मनोऱ्याचं काम 2017 मध्ये सुरू झालं. घंटेचे नेहमीचे ठोके 11 नोव्हेंबर 2022 पासून पुन्हा पडू लागले, पण लोकांना वर सोडायला 2023 उजाडलं. मधल्या काळात ज्यांनी 'मनोरा पूर्ववत' एवढंच वाचलं, त्यांना दोन्ही झालंय असंच वाटलं असणार. तुमची बातमी मनोरा खुला होण्याची आहे, तेव्हा पहिल्या वाक्यात तेच हवं: कोणता मनोरा, कोणत्या तारखेपासून, किती ते किती, प्रवेश मोफत की तिकीट.

दुसऱ्या परिच्छेदात पायऱ्या. नवख्या माणसाच्या नोटेत हमखास राहतात त्या याच. एलिझाबेथ टॉवरला घंटेपर्यंत 334 पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तिथे हा आकडा आधीच सांगितला जातो, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाने अर्ध्या जिन्यात बसून ठरवण्याची ही गोष्ट नाही. तुमच्या पायऱ्या स्वतः मोजा, जुन्या कागदावरचा आकडा उतरवू नका. कोणत्या टप्प्यापर्यंत जाता येतं, एका वेळी किती जण, लहान मुलांना सोडणार का, तेही लिहा. ठोके पडताना घंटेशेजारी उभं राहणं कानाला सोसत नाही. तिथे माणसं असणार असतील तर कानात घालायचे बोळे मिळतील का, हे ठरवूनच नोट काढा.

आता हकीकत. नोटेत ती सात-आठ ओळींपेक्षा जास्त नको, कारण उपसंपादक जागा कमी पडली की खालून कापतो. पण त्या ओळींत 'अथक परिश्रमांतून घड्याळाला नवसंजीवनी' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एकच बिघाड निवडा आणि त्याचं कारण सांगा. त्यासाठी घड्याळ ज्याने उघडलं त्या कारागिराशी अर्धा तास बोला. त्याला 'काय काय केलं' असं विचारलंत तर तो लांबलचक यादी देईल. 'ते बंद का पडलं होतं' असं विचारा.

वजनांवर चालणारं लंबकाचं घड्याळ असेल तर उत्तर बहुधा ओळखीचं निघेल. वर्षानुवर्षं जुन्या तेलावर नवं तेल ओतलं जातं, त्यात धूळ मिसळते आणि त्याचं पॉलिश पेपरसारखं घासणारं मिश्रण होतं. चाकांचे आस ज्या भोकांत फिरतात ती भोकं त्यामुळे झिजून लांबट होतात. मग दोन चाकांचे दाते एकमेकांत नीट बसत नाहीत, मध्येच अडतात, आणि लंबकापर्यंत पोचणारा जोर कमी पडून घड्याळ थांबतं. उपाय म्हणजे भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, ठोकायचं आणि आस पुन्हा गुळगुळीत करायचा. दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे लंबक टांगलेल्या पातळ पोलादी पट्टीला गेलेला तडा. तिसरा कानाने ओळखता येतो: टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ लंगडतंय, म्हणजे सांगाडा किंवा लंबकाची जुळणी एका बाजूला गेली आहे.

समजा तुमच्याकडे पहिला बिघाड होता. मग मजकूर असा होईल:

'चाकांचे आस फिरतात ती भोके घासून लांबट झाल्याने घड्याळ वारंवार अडत होते. सर्व चाके उतरवून जुने चिकट तेल काढण्यात आले, झिजलेल्या भोकांत पितळी बुश बसवण्यात आले. घड्याळाची मूळ चाके व लंबक कायम ठेवले आहेत. घड्याळाला आठवड्यातून दोनदा चावी द्यावी लागते. वेळ दर सोमवारी जुळवली जाईल.'

दोनदा आणि सोमवार ही उदाहरणं आहेत, तिथे तुमचं खरं घाला. 'मूळ चाके कायम' हे मात्र खरं असेल तरच. आत विजेची मोटर बसवली असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बिग बेनचं यंत्र दुरुस्तीला खाली उतरवलं होतं तेव्हा काटे विजेच्या मोटरवरच फिरत होते.

'आता घड्याळ अचूक वेळ दाखवेल' हे वाक्य चुकूनही नको. लंबकाचा दांडा साध्या पोलादाचा असेल तर तो उष्णतेने लांबतो आणि घड्याळ एका अंशाला दिवसाकाठी साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. जानेवारीत जुळवलेलं घड्याळ मे महिन्यात 15 अंश जास्त तापमानाला रोज सात-आठ सेकंद मागे पडेल, म्हणजे महिन्याला जवळपास चार मिनिटं. पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी तबकडीशेजारी मोबाइल धरून फोटो टाकेल. बिग बेनचा लंबक तापमानाचा फरक सांभाळण्यासाठी जस्त आणि पोलाद मिळून केलेला आहे, तरी त्यावर जुनी पेनी नाणी ठेवून वेळ जुळवतात. एका नाण्याने दिवसाला 0.4 सेकंदाचा फरक पडतो.

खर्च वाढला असेल तर लपवू नका, पत्रकार तो विचारणारच. एलिझाबेथ टॉवरचा अंदाज 2.9 कोटी पौंडांवरून 8 कोटींच्या आसपास गेला. परांची उभी राहिल्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचं नुकसान, अॅस्बेस्टॉस, शिशाचा रंग असं बरंच सापडलं, आणि वाढीसोबत हे कारणही सांगण्यात आलं. मूळ अंदाज, प्रत्यक्ष खर्च आणि एका ओळीत कारण, एवढं पुरतं.

डोळ्याला दिसणारा एखादा बदल असेल तर तो हकीकतीत अगदी वर घ्या. लंडनच्या तबकड्यांवरचे काळे काटे आणि आकडे दुरुस्तीनंतर निळे झाले. रंगाचे थर तपासल्यावर मूळ रंग निळाच होता हे कळलं, काळा नंतर काजळी दिसू नये म्हणून चढला होता. यंत्राचे हजारांहून जास्त भाग सुटे करून साफ केले गेले, तरी रस्त्यावरच्या माणसाला कळला तो रंगच.

फोटो दोन पाठवा: बाहेरून पूर्ण मनोरा आणि आतून यंत्र. बाहेरच्या फोटोत दोन तबकड्या दिसत असतील तर दोन्हीवर एकच वेळ आहे ना, हे मोठं करून बघा. काटे थोडे सरकलेले असले तर मनोऱ्याखालून कळत नाही, छापून आल्यावर कळतं. मजकूर युनिकोडमध्ये, फोटो वेगळे जोडून, दुपारी चारच्या आत पाठवा. शेवटी ज्याचा मोबाइल नंबर द्याल त्याने रविवारी सकाळी फोन उचलायला हवा, कारण 'आज पाऊस आहे, मनोरा उघडा आहे का' हे विचारणारे फोन तेव्हाच येतात.