नव्वद दिवसांच्या आतली जुनी थकबाकी

प्रश्न : आमचा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. कुणाकडची थकबाकी किती दिवसांची आहे हे दाखवणारा 30 नोव्हेंबर 2025 चा एजिंग रिपोर्ट अकाउंटंटने काढून दिला. एका औषध वितरकाचे 3 लाख 10 हजार 120 दिवसांच्या पुढे गेलेत, त्याला नोटीस पाठवायची आहे. एका फरसाण कंपनीकडून 6 लाख 90 हजार येणे आहे, पण ते सगळं 90 दिवसांच्या आतलं आहे आणि ते दरमहा न चुकता पैसे टाकतात. 2023 मध्ये दोन लॉट ओलसर निघाल्याची त्यांची तक्रार होती, एवढंच. वितरकाला नोटीस दिली तर वसुली होईल का? लेजर आणि काही ईमेल सोबत जोडले आहेत.

उत्तर : वितरकाला नोटीस खुशाल द्या, पण आधी फोन करा. त्याची बिलं जुलैची आहेत, दावा लावायला 2028 पर्यंत मुदत आहे. त्याची पत बुडाली तर पैसे बुडतील, पण तो व्यापारातला धोका झाला आणि तो तुमच्या रिपोर्टात दिसतो आहे. जो दिसत नाही तो फरसाणवाल्याच्या खात्यात आहे. तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी लेजर उघडलं आणि वितरकाचा कागद बाजूला ठेवला.

तुमच्या रिपोर्टात फरसाण कंपनीपुढे तीन आकडे आहेत. 0 ते 30 दिवसांत 2 लाख 30 हजार, 31 ते 60 मध्ये तेवढेच आणि 61 ते 90 मध्येही तेवढेच. म्हणजे 5 सप्टेंबर, 5 ऑक्टोबर आणि 5 नोव्हेंबरची बिलं बाकी. आता त्यांचा ईमेल पाहा, तुम्हीच जोडलेला. नोव्हेंबरमध्ये पैसे पाठवताना त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे की ही रक्कम 5 ऑक्टोबरच्या बिलापोटी. त्याआधीच्या महिन्यात सप्टेंबरच्या बिलापोटी. रक्कमही बिलाशी रुपया-रुपयाने जुळते. त्यांच्या हिशेबाने सप्टेंबर आणि ऑक्टोबर फिटले, फक्त नोव्हेंबरचं बिल बाकी आहे आणि त्याचीही तारीख अजून यायची आहे.

मग उरलेले 4 लाख 60 हजार कुठले? 18 जानेवारी 2023 चं बिल क्रमांक 87, 2 लाख 35 हजारांचं, आणि 2 फेब्रुवारी 2023 चं बिल क्रमांक 94, 2 लाख 25 हजारांचं. तेच ते ओलसर लॉट. ही दोन बिलं त्यांनी बाजूला ठेवली आणि पुढची सगळी वेळच्या वेळी भागवली. तुमच्या अकाउंटंटने मात्र आलेला प्रत्येक पैसा टॅलीत `Agst Ref` करून यादीतल्या सगळ्यात वरच्या, म्हणजे जुन्या बिलावर टाकला. त्यामुळे ही दोन बिलं पुस्तकात 2023 मध्येच फिटली आणि बाकी दर महिन्याला एकेक बिल पुढे सरकत गेली. जवळपास तीन वर्षं थकलेले पैसे तुमच्या कागदावर कायम ताजे. असा रिपोर्ट घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही, दर मार्चअखेर दोघे-तिघे तरी येतात.

अकाउंटंट म्हणेल, जुनं आधी वळतं करायची पद्धतच आहे. आहे, पण ती शेवटची पायरी. भारतीय करार कायदा 1872 मध्ये कलम 59, 60 आणि 61 याच क्रमाने आहेत. देणेकऱ्याने पैसे देताना अमुक देण्यापोटी असं सांगितलं आणि तुम्ही ते पैसे घेतले, तर त्याच देण्यावर लावावे लागतात. त्याने काहीच सांगितलं नाही, तर निवड तुमची. दोघांनीही काही केलं नाही, तरच जुन्यापासून. आणि सांगणं शब्दांतच हवं असं नाही, परिस्थितीवरून कळलं तरी चालतं. कलम 59 खालीच उदाहरण आहे : 1 जूनला हजार रुपयांची वचनचिठ्ठी देय होते, तेवढ्याच रकमेचं दुसरं देणं नाही आणि त्या दिवशी देणेकरी हजार रुपये देतो, तर ते त्या चिठ्ठीचेच. ज्या महिन्यांचे ईमेल तुमच्याकडे नाहीत, तिथेही जुळणारी रक्कम त्यांच्याच बाजूने बोलेल.

आता यातली मेख. मुदत कायदा 1963 प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तीन वर्षं कधीपासून, हे एका ओळीवर ठरतं : उधारीची मुदत दोघांत ठरली होती का? ठरली असेल तर अनुच्छेद 15, म्हणजे उधारीची मुदत संपल्यापासून. नसेल तर अनुच्छेद 14, म्हणजे माल पोचवल्यापासून. तुमच्या बिलावर ‘45 दिवस’ छापलंय, पण त्यांच्या खरेदी ऑर्डरची प्रत तुम्ही जोडलेली नाही आणि पत्रातही तिचा उल्लेख नाही. ऑर्डरीवर 45 दिवस असतील तर बिल 87 ची मुदत 4 मार्च 2023 ला सुरू झाली आणि 4 मार्च 2026 ला संपते, बिल 94 ची 19 मार्च 2026 ला. ऑर्डर सापडली नाही आणि समोरच्याने बिलावर छापलेली अट मान्यच नव्हती असं म्हटलं, तर बिल 87 साठी 18 जानेवारी 2026 आणि 94 साठी 2 फेब्रुवारी 2026 धरावे लागतील. मी तरी जानेवारीची तारीख धरूनच काम करीन.

दरमहा पैसे येतायत, म्हणजे मुदत आपोआप वाढते, असं तुमच्यासारख्या अनेकांना वाटतं. अंशतः भरण्याने नवी मुदत मिळते ती ज्या देण्यापोटी भरणा झाला त्याच देण्याला, आणि तोही मुदतीच्या आत व देणाऱ्याच्या सहीच्या लिखाणाने दिसावा लागतो. ऑक्टोबरच्या बिलाच्या पैशांनी 2023 चं बिल जिवंत होत नाही. ‘चालू खातं आहे’ हा बचावही फारसा टिकत नाही. अनुच्छेद 1 मधल्या परस्पर चालू खात्यात दोघांचंही एकमेकांकडे स्वतंत्र येणं लागतं. तुम्ही माल देता, ते पैसे देतात, हे एकतर्फी खातं. कोविडची सूट सांगणारेही भेटतात. ती 28 फेब्रुवारी 2022 ला संपली, तुमची बिलं त्यानंतरची.

तुमच्या अकाउंटंटच्या नोंदी उद्या कोर्टात नेल्या तर काय होईल ते ऐका. तुम्ही म्हणाल, 2023 ची बिलं फिटली, सप्टेंबर ते नोव्हेंबर बाकी आहे. ते ईमेल काढून दाखवतील की सप्टेंबर आणि ऑक्टोबर फिटलं आहे. मग तुम्ही जुन्या बिलांवर याल, तोवर मार्च उलटून गेलेला असेल आणि तुमच्याच पुस्तकात ती बिलं फिटलेली दिसतील. दोन्ही दारं तुमच्याच हाताने बंद. जुन्या नोंदी खोडायला लगेच सांगू नका, पुरावा बिघडेल. वळती नोंद चुकीची होती एवढी दुरुस्ती आजच्या तारखेने, ईमेलचा हवाला देऊन करा आणि सीएला दाखवा.

यातून बाहेर पडायचा स्वस्त मार्ग म्हणजे त्यांची सही. मुदत संपायच्या आत त्यांच्या अधिकृत माणसाने देणं लिहून मान्य केलं, तर सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. गंमत अशी की त्या मान्यतेत ‘पण आम्ही देणार नाही’ असं असलं तरी चालतं, मुदत कायद्याच्या कलम 18 च्या स्पष्टीकरणातच ते आहे. म्हणून त्यांचा 2024 चा ‘87 आणि 94 वाद मिटेपर्यंत होल्डवर’ हा ईमेल कामाचा असू शकतो. देणं आहे पण अडवून ठेवलंय असा त्याचा अर्थ लावता येईल, देणं मुळातच अमान्य असाही लावता येईल. न्यायाधीश कोणता लावतील यावर मी पैज घेणार नाही. आज बिलवार शिल्लक पत्र पाठवा, 87 आणि 94 वेगळे लिहून, आणि त्यांच्या पुस्तकातला तुमचा खातेउतारा मागवा. उताऱ्यात फक्त 2 लाख 30 हजार दिसले, तर त्यांनी डेबिट नोट टाकून विषय संपवलाय असं समजा. दरवर्षी 31 मार्चला हे चार ओळींचं पत्र सही करून घेतलं असतं तर आज तारखा मोजत बसायची वेळ आली नसती. तुम्ही पाठवलीत, पण सही होऊन एकही परत आलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

सही आठ-दहा दिवसांत आली नाही तर थांबू नका, आणि नुसत्या नोटिशीवर विसंबू नका. वकिलाच्या नोटिशीने मुदत थांबत नाही. रक्कम 3 लाखांच्या वर असल्याने वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे, तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. तो टाळून लावलेला दावा फेटाळला जातो, सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे पक्कं केलं आहे. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्यासाठी अर्ज मुदतीत हवा. बहुतेक वेळा समोरचा येतच नाही आणि तसा अहवाल हातात पडायलाही आठवडे जातात, म्हणून डिसेंबरमध्येच अर्ज करा.

उद्यम नोंदणी आहे, तेव्हा सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेचा रस्ताही आहे. तिथे तिप्पट बँक दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. नोंदणी त्या बिलांच्या आधीची आहे का, ते आधी पाहा, नंतरची असेल तर गुंता आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये परिषदेतल्या सामोपचाराला मुदत कायदा लागू नाही असं म्हटलं, लवादाला मात्र लागू ठेवला. म्हणजे मुदतबाह्य बिल घेऊन चर्चेला बसता येईल, पण समोरच्याने नकार दिला की हात रिकामे. त्या निकालाच्या भरवशावर मार्च जाऊ देऊ नका. ओलाव्याच्या वादात कोण जिंकेल ते नमुने आणि पत्रव्यवहार पाहिल्याशिवाय सांगणार नाही. त्यांची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आतली आहे की नंतरची, तेवढं शोधून ठेवा. नंतरची असेल तर माल स्वीकारला असं परिषदेच्या एमएसएमई कायद्याने धरता येतं.

अकाउंटंटला रिपोर्टात दोन बदल करायला सांगा. ‘180 दिवसांच्या वर’ हा एकच रकाना मोडून 1 वर्ष, 2 वर्षं आणि 30 महिने असे रकाने पाडा, कारण 200 दिवसांचं आणि 1000 दिवसांचं बिल आज एकाच ढिगात पडतं. आणि प्रत्येक बिलापुढे दाव्याची शेवटची तारीख लिहा. पैसे ज्या बिलापोटी आले त्याच बिलावर टाकायचे, ईमेल नसेल तर कोणत्याच बिलावर न लावता `On Account` ठेवून ग्राहकाला विचारायचं.

2023 ची खरेदी ऑर्डर आणि पोच सही असलेली चलनं आणा, आणि ईमेल ज्या संगणकावर आले तो संगणक तसाच ठेवा. ईमेल पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देणारा माणूस तुमच्या ऑफिसात आत्ता कोण आहे ते ठरवून ठेवा.