चार वर्तुळांच्या मधली कोरी जागा

"मी 34 वर्षांची आहे. एका विमा कंपनीत दावे तपासते. ऑफिसच्या शिबिरात इकिगाईची, म्हणजे जगावंसं वाटण्याचं कारण या जपानी कल्पनेची, चार वर्तुळं भरायला दिली: मला काय आवडतं, काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात. चारही एकत्र येतात ती मधली जागा माझी कोरीच राहिली. तेव्हापासून सारखं वाटतं की आपलं आयुष्य भलत्याच कामात चाललंय. नोकरी सोडून आपलं इकिगाई शोधू का?"

हाच कागद घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 41, सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम. घरी शिक्षिका असलेली पत्नी, आठवीतली मुलगी आणि वडील. घराचे हप्ते अजून चालू. त्यांच्या कागदावर 'आवडतं' इथे तबला होता, 'जमतं' आणि 'पैसे मिळतात' इथे हिशेब होता आणि 'जगाला गरज' हे वर्तुळ रिकामं होतं. तबला आणि हिशेब काही केल्या एका जागी येईनात. मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला: दिवाळीनंतर राजीनामा द्यायचा आणि तबल्याचे क्लास काढायचे. पत्नी सोबत आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, तबल्याला माझी ना नाही. पण हप्ता कशातून भरायचा ते यांनी सांगावं."

वर्तुळांना हात लावण्याआधी मी त्यांची झोप, भूक, कामातलं लक्ष याबद्दल विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटतं का, मरणाचे विचार येतात का, हेही विचारलं. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, तबला अजून तितकाच आवडतो का? नैराश्यात माणसाची आवडच विझते. 'मला काय आवडतं' हे वर्तुळ मग कोरं राहतं, आणि आजाराचं लक्षण असलेली ती पोकळी माणूस चुकीच्या नोकरीच्या खात्यावर टाकतो. तसं असतं तर मी कागद बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. या गृहस्थांचं तसं नव्हतं. दर गुरुवारी भजनी मंडळात ते साथीला बसत आणि घरी उशिरा पण खुशीत येत, असं पत्नीनेच सांगितलं.

मग मी त्यांना त्या आकृतीचा इतिहास सांगितला, कारण तिचा धाक बराचसा 'जपानचं प्राचीन शहाणपण' या नावामुळे बसतो. ही आकृती जपानमधली नाही. ती आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिष अभ्यासकाची आहे आणि तिच्या मध्यभागी त्याने 'प्रयोजन' या अर्थाचा शब्द लिहिला होता. अमेरिकन लेखक डॅन ब्यूटनर यांनी 2009 मध्ये दीर्घायुष्यावर दिलेल्या भाषणात जपानमधल्या ओकिनावातल्या वृद्धांच्या इकिगाईचा उल्लेख होता. 2014 मध्ये मार्क विन नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने ते भाषण आणि ती आकृती एकत्र आणली आणि मधला शब्द काढून तिथे इकिगाई लिहिलं. तीच आकृती जगभर फिरली. करिअर निवडताना तिचा थोडा उपयोग होतोही, ते मी नाकारत नाही. पण ती नोकरीबद्दलचा प्रश्न विचारते. इकिगाईचा प्रश्न वेगळा आहे.

तो प्रश्न समजून घ्यायचा तर मला मिएको कामिया यांच्याकडे जावंसं वाटतं. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. 1957 पासून त्यांनी ओकायामा प्रांतातल्या एका बेटावर, नागाशिमा आइसेइएन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम केलं. तोवर औषधं आली होती, पण रुग्णांना समाजापासून वेगळं ठेवण्याचा कायदा जपानमध्ये 1996 पर्यंत टिकला. म्हणजे तिथल्या माणसांची घरं, गावं, पेशे, कित्येकांची खरी नावंसुद्धा सुटली होती. चार वर्तुळांपैकी पैशाचं तर सोडाच, 'जगाला तुमची गरज आहे' हे वर्तुळही त्यांच्यापुरतं पुसलेलं होतं. तिथे कामियांना दिसलं की शरीराने बऱ्या असलेल्या काहींना दिवस ढकलणं असह्य होत होतं, तर आजाराने फार गांजलेल्या काहींना जगण्यात गोडी होती. हा फरक कशाने पडतो, याचा त्यांनी शोध घेतला आणि 1966 मध्ये इकिगाईवर पुस्तक लिहिलं.

त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, ज्यामुळे जगावंसं वाटतं ती गोष्ट किंवा माणूस. दुसरी, जगावंसं वाटण्याची भावना. गोष्ट कितीही लहान असू शकते, ती बदलू शकते, एकाच वेळी अनेक असू शकतात. भावनेमागे मात्र काही गरजा असतात: आपल्यात बदल होतोय, पुढे काहीतरी आहे, कुणाशी तरी मनाची तार जुळते, थोडी मोकळीक आहे, आपल्या असण्याला अर्थ आहे. या यादीत उत्पन्न नाही आणि आपण एखाद्या कामात पटाईत असायला हवं अशी अटही नाही.

जपानमध्ये इकिगाई मोजण्यासाठी संशोधकांनी 2012 मध्ये एक नऊ विधानांची प्रश्नावली केली. मला अनेक गोष्टींत रस वाटतो, मला काही नवं शिकायचं आहे, माझ्या मनाला उसंत आहे, कुणाला तरी माझी गरज आहे, अशा धाटणीची ती विधानं आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. नऊपैकी एकही विधान पगाराबद्दल किंवा हुद्द्याबद्दल नाही. मी तिचे गुण मोजत नाही, बोलणं सुरू करायला ती वापरते.

या गृहस्थांना मी ती वाचून दाखवली. 'कुणाला तरी माझी गरज आहे' याला त्यांनी लगेच पाच दिले. 'मला काही नवं शिकायचं आहे' यालाही पाच. 'मला अनेक गोष्टींत रस वाटतो' इथे ते थबकले आणि म्हणाले, "ऑफिसात नाही हो." तिथे धागा हाती लागला. मी त्यांना रोज रात्री दोन ओळी लिहायला सांगितलं. आजच्या दिवसातला कोणता क्षण उद्या पुन्हा आला तर बरं वाटेल? आणि आज मी नसतो तर कुणाचं अडलं असतं? तिसरं काही लिहायचं नाही. 'मला काय व्हायचंय' हे तर मुळीच नाही.

पुढच्या भेटीत वही घेऊन आले ते जरा नाराजच होते. "यात काहीच नाही. सगळं रोजचंच आहे." वही वाचली. गुरुवारचं भजन अपेक्षित होतं. पण सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद सकाळची होती. वडिलांची नजर गेली आहे, म्हणून हे रोज कामावर निघण्याआधी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि बातमीवरून दोघांचा वाद रंगतो. ऑफिसातली एकच नोंद होती, पण ती दोनदा आली होती: नव्याने लागलेल्या मुलीला बँकेचा मेळ कुठे चुकतो ते शोधायला शिकवलं.

वर्तमानपत्र वाचून दाखवण्याला चार वर्तुळांत जागाच नाही. त्याचे पैसे मिळत नाहीत, त्यात कसब नाही, जगाला त्याची गरज नाही. गरज एका माणसाला आहे. कामियांच्या मांडणीत ही अस्सल इकिगाई ठरते. तो सकाळचा अर्धा तास त्यांच्या कागदावर आलाच नाही, याचं कारण मी त्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला काम म्हणत नाहीत ना."

मी एवढ्यावर थांबले नाही, आणि समुपदेशकाने थांबूही नये. 'लहानसहान गोष्टींत समाधान मान' असं सांगून माणसाला वाईट नोकरीत बसवून ठेवायला इकिगाई हा शब्द सहज वापरला जातो. तो या कल्पनेचा गैरवापर आहे. या गृहस्थांच्या ऑफिसात खरोखरच एक उणीव होती. वर्षानुवर्षं तीच विवरणपत्रं, तेच ग्राहक. बदल आणि वाढ ही गरज तिथे भागत नव्हती. त्या उणिवेचं नाव त्यांना 'तबला' असं वाटलं होतं. तबल्याचे क्लास काढून ती भरली असती की नाही, हे मी सांगू शकत नव्हते, म्हणून मी ते करून बघायला सुचवलं, पण राजीनामा न देता. दोन मुलं रविवारी फी देऊन शिकायला येऊ लागली. काही आठवड्यांनी ते म्हणाले, शिकवणं ठीक आहे, पण फी आणि परीक्षेची तारीख यावर पालकांशी बोलताना गुरुवारची मजा त्यात उरत नाही. आवडीला उत्पन्नाच्या कामाला जुंपलं की पुष्कळदा असं होतं. सगळ्यांचंच होतं असं नाही, पण कळायचं असेल तर हप्ता पणाला न लावता कळावं.

ऑफिसात त्यांनी नव्या मुलांना शिकवण्याचं आणि ऑडिटचं काम मागितलं. पहिलं मिळालं, दुसऱ्याला साहेबांनी नकार दिला. आता ते दुसऱ्या फर्ममध्ये ऑडिटचं काम शोधत आहेत. म्हणजे नोकरी बदलणार आहेतच, फक्त वेगळ्या कारणाने आणि पगार चालू ठेवून.

तुमच्या बाबतीत मी दोन आठवडे त्याच दोन ओळी लिहून बघा म्हणेन. नोंदींमध्ये ऑफिस कुठेच आलं नाही, तरी घाबरू नका. 2010 मध्ये जपानमध्ये 2,000 स्त्री-पुरुषांची पाहणी झाली होती, त्यात काम हे आपलं इकिगाई आहे असं म्हणणारे 31 टक्केच निघाले. ऑफिसबाहेर नोंदी भरपूर असतील, तर नोकरीचा विचार पगार, वेळ, वागणूक, शिकायला मिळणं या साध्या निकषांवर करता येईल. तिच्याकडून सगळ्या आयुष्याचा अर्थ मागावा लागणार नाही. त्या निकषांवर नोकरी नापास झाली, तर ती बदलायला तेवढं कारण पुरेसं आहे. नोंदींत एकाच प्रकारच्या ओळी येत असतील, म्हणजे सगळं एकाच माणसावर किंवा एकाच कामावर उभं असेल, तर तेही लक्षात घ्या. कामालाच सगळं मानलेल्या पुरुषांची निवृत्तीनंतर काय अवस्था होते, हा जपानमध्ये वर्षानुवर्षं चर्चेचा विषय आहे.

आणि वही जवळजवळ कोरीच राहिली, पूर्वी आवडणारी गोष्टसुद्धा बेचव लागते असं जाणवलं, तर नोकरीचा निर्णय पुढे ढकला आणि आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. भेटायला येताना चार वर्तुळांचा कागद नको, ती वही आणा.