डबे मोजून घेतले, तरी बिल जुळत नाही

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचा आंबा पल्पचा कारखाना आहे. डब्यांची ऑर्डर, स्टोअरची माल पावती आणि सप्लायरचं बिल, तिन्हींचे आकडे वेगळे येतात. सप्लायर पैशांसाठी रोज फोन करतो. कोणता आकडा धरून पैसे द्यायचे?

उत्तर: नग जीआरएनचे, म्हणजे स्टोअरच्या माल पावतीचे धरा आणि दर पीओचा, म्हणजे तुमच्या ऑर्डरचा. पण जीआरएनवर ‘आलेला माल’ आणि ‘स्वीकारलेला माल’ असे दोन रकाने हवेत. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

उदाहरण घेऊ. पीओ ५,००० डब्यांचा, दर ६२ रुपये. गाडीतून ५,००० आले, पण तपासणीत १२० डब्यांच्या कडा चेपलेल्या निघाल्या. अशा डब्याला झाकण घट्ट बसत नाही, म्हणून ते नाकारले. स्वीकारले ४,८८०. बिल मात्र ५,००० नगांचं आणि दर ६४, म्हणजे जीएसटी सोडून ३,२०,००० रुपये. तुमचं देणं ४,८८० गुणिले ६२, म्हणजे ३,०२,५६०. फरक १७,४४०. त्यातले ७,६८० नाकारलेल्या डब्यांचे आणि ९,७६० दरवाढीचे. हे दोन आकडे वेगळेच लिहा, कारण उत्तर देणारी माणसंही वेगळी असतात. डब्यांचं स्टोअरने सांगायचं, दराचं खरेदी विभागाने. दरवाढ खरंच मान्य केली असेल, तर आधी सुधारित पीओ काढा. ‘फोनवर बोलणं झालं होतं’ एवढ्यावर अकाउंट्सने बिल पास करू नये.

फरकाची डेबिट नोट काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. ती तुमच्या हिशेबापुरती असते. बिलावरचा जीएसटी कमी होतो तो सप्लायरने क्रेडिट नोट दिल्यावर, म्हणून ती मागून घ्या. नाकारलेल्या डब्यांवरच्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, घेऊन बसू नका.

सीझनला गाडी आंबा घाट उतरून रात्री येते, हमाल घाईत असतात आणि स्टोअरवाला मालासोबत आलेल्या सप्लायरच्या चलनावरचाच आकडा जीआरएनवर उतरवतो. महिनोन्महिने एकाही जीआरएनवर तूट किंवा नाकारलेला माल दिसत नसेल, तर मोजणी होत नाही असं समजा. स्टोअरला द्यायच्या पीओच्या प्रतीवर नगसंख्या छापू नका, म्हणजे मोजावंच लागेल. रात्री शक्य नसेल तर चलनावर ‘मोजणी व तपासणी बाकी’ लिहूनच सही करा.

आणखी एक, याकडे फार दुर्लक्ष होतं. सप्लायर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर हरकत माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवा. नाहीतर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो आणि पैसे देण्याची मुदत तिथूनच मोजली जाते. लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसच. जीआरएन आठवडाभर टेबलावर पडून राहिला, तर हरकतीचे निम्मे दिवस तिथेच संपतात. म्हणून तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकाउंट्सला पोचलाच पाहिजे.