खरेदीखतातले अंक: ४ की 8?

मराठी खरेदीखत टाइप करायला बसलात की आधी एक ठरवा: रक्कम, तारीख, क्षेत्रफळ आणि गट नंबर देवनागरी अंकांतच. इंग्रजी अंक फक्त पॅन, आयएफएससी, यूटीआर यांसारख्या क्रमांकांना, कारण ते मुळात जसे दिले तसेच उतरवायचे असतात.

हे दिसण्यापुरतं नाही. आपला ४ आणि इंग्रजी 8 पटकन सारखे दिसतात. समजा मोबदला ४४,५०,००० रुपये, पैकी विसार ४,००,००० आणि बाकी ४०,५०,०००. पॅनमध्ये 8 आहे, खालच्या परिच्छेदात कोणी तारीख इंग्रजीत घातली आहे. अशा दस्तात विसाराचा ४ कोणीही 8 वाचेल. मग बेरीज ४८,५०,००० होते आणि दस्त संशयाचा ठरतो. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ‘अक्षरी रुपये चार लाख फक्त’ लिहाच, आणि अक्षरांवरून पुन्हा बेरीज करून पाहा. तारखेत महिना अक्षरी ठेवा: ‘४ ऑगस्ट २०२४’. ‘४/८’ लिहिलंत की तोच गोंधळ परत.

मिसळ बहुतेक वेळा जुन्या मसुद्यातून किंवा मेलमधून मजकूर चिकटवताना होते. वर्डमध्ये Find उघडून Use wildcards निवडा आणि हे शोधा:

```
[0-9]
```

सापडलेला प्रत्येक इंग्रजी अंक पॅनसारख्या क्रमांकातलाच आहे ना, हे डोळ्यांनी तपासा. Replace All मात्र कधीही करू नका, पॅनचेही अंक बदलून बसतील. छापील प्रत पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवा. मी आजही दाखवतो.